नफा वहीत, पैसा वाटेत

दसरा उलटला की अंबड तालुक्यातल्या काळ्या जमिनीत कापसाची वेचणी सुरू होते. दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात. तिथे कापसातून रुई वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि मागे उरते ती सरकी. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण तेहतीस-चौतीस किलो आणि सरकी त्याच्या जवळपास दुप्पट. ही सरकी एक्स्पेलरच्या घाण्यात घातली की तेल निघते आणि ढेप तयार होते. तेल रिफायनरीकडे जाते, ढेप दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत.

व्यवहार सरळ दिसतो, पण पैशाची चाल दोन टोकांना वेगळी आहे. कापसाचे पैसे शेतकऱ्याला मापाच्या दिवशीच मिळाले पाहिजेत, असा बाजार समितीचा नियम आहे. त्यामुळे जिनिंगवाल्याला रोज रोकड लागते आणि तो सरकी उधारीवर द्यायला राजी नसतो. कापूस महामंडळाची, म्हणजे सीसीआयची सरकी लिलावात घेतली तर आधी पैसे भरायचे आणि मग माल उचलायचा. दुसऱ्या टोकाला ढेप विकत घेणारा पशुखाद्याचा दुकानदार असतो. त्याचे गिऱ्हाईक दूध उत्पादक. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी निघते, त्यातून घरखर्च आणि चारा भागवून उरले तर ढेपेची उधारी फिटते. दुकानदार त्याला थांबवू शकत नाही, म्हणून तो मिलवाल्याला थांबवतो. मिल दोघांच्या मधोमध आहे. पैसे आज द्यायचे आणि महिना-दोन महिन्यांनी घ्यायचे, हा तिचा रोजचा धंदा.

अशा धंद्याला दोन अंदाजपत्रके लागतात. एक नफ्याचे आणि दुसरे रोकडीचे. पहिले लवचीक असावे लागते, कारण किती सरकी गाळली जाईल हे पावसावर आणि आवकेवर ठरते. दुसरे महिनावार असावे लागते, कारण विक्री एका महिन्यात होते आणि तिचा पैसा पुढच्या दोन महिन्यांत विखरून येतो. ही दोन्ही कशी मांडतात आणि एकाच मिलबद्दल किती वेगळी गोष्ट सांगतात, हे एका उदाहरणातून पाहू. मिल नमुन्याची आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. मात्र त्यांची प्रमाणे या धंद्यातल्या पडतळीला धरून आहेत.

एका क्विंटलची पडतळ

समजा, एक क्विंटल सरकी ३,२०० रुपयांना पडते. तिच्यातून सुमारे दहा किलो तेल निघते. ते रोखीने विकले जाते आणि १,१०० रुपये हाती येतात. ढेप निघते सुमारे ८६ किलो. तिचे २,६०० रुपये होतात, पण ते सगळे उधारीचे. उरलेली घट ओलाव्याची आणि कचऱ्याची. म्हणजे क्विंटलमागे विक्री ३,७०० रुपये.

आता खर्च. काही खर्च गाळपाबरोबर चढतात-उतरतात. सरकीचे ३,२०० झाले. बारदान आणि सुतळीचे ५०, हमाली आणि रोजंदारीचे ७०, विजेचे ८०. हे तीन मिळून २००. अशा रीतीने बदलता खर्च ३,४०० रुपये होतो आणि क्विंटलमागे ३०० रुपये सुटतात. या तीनशेतून मिलचा स्थिर खर्च भागवायचा असतो. मुनीम आणि मिस्त्रीचा पगार, जागेचे भाडे, विमा आणि विजेचा डिमांड चार्ज मिळून महिना तीन लाख, शिवाय यंत्रांचा घसारा पन्नास हजार. एकूण साडेतीन लाख.

या यादीत वीज दोनदा आली आहे, आणि ती चूक नाही. औद्योगिक वीजबिलात एक भाग मंजूर भारावर ठरतो. घाणा बंद असला तरी तो भरावा लागतो. दुसरा भाग वापरलेल्या युनिटचा. हा खर्च अर्धा स्थिर आणि अर्धा बदलता असतो, म्हणून लवचीक अंदाजपत्रक करताना तो आधी फोडावा लागतो. त्याची सोपी रीत अशी : सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गाळपाच्या महिन्यांची बिले समोर ठेवायची. समजा, १,००० क्विंटलला बिल आले १ लाख ३० हजार आणि ३,००० क्विंटलला २ लाख ९० हजार. दोन हजार क्विंटल वाढले तेव्हा बिल १ लाख ६० हजारांनी वाढले, म्हणजे क्विंटलला ८० रुपये. हजार क्विंटलचे ८० हजार वजा केले की उरलेले ५० हजार स्थिर. या फोडीशिवाय वीज पूर्णपणे बदलता खर्च धरली, तर कमी गाळपाच्या महिन्यात मिल उगाचच उधळी दिसते.

डिसेंबरचा नफा का घटला?

मिलने डिसेंबरसाठी ३,००० क्विंटल गाळपाचा अंदाज बांधला. तीनशे गुणिले तीन हजार म्हणजे नऊ लाख. त्यातून स्थिर खर्चाचे साडेतीन लाख गेले की नफा साडेपाच लाख.

महिना संपला तेव्हा गाळप झाले होते २,५०० क्विंटल आणि नफा होता २ लाख ६५ हजार. मूळ अंदाजाशी ताडून पाहिले तर दोन लाख ८५ हजारांची तूट दिसते. पण सरकीवरचा खर्च अंदाजापेक्षा पंधरा लाखांहून अधिक रकमेने घटलेलाही दिसतो. मालकाने या आकड्यावर खूश व्हावे की नाही? नाही. पाचशे क्विंटल कमी गाळले म्हणून सरकी कमी लागली, त्यात खरेदीदाराचे कसब काही नाही. ३,००० क्विंटलचा अंदाज आणि २,५०० क्विंटलचे वास्तव यांची तुलना मुळातच जुळत नाही.

लवचीक अंदाजपत्रक इथे मधली पायरी घालते. ते विचारते की २,५०० क्विंटल गाळले असते तर किती नफा व्हायला हवा होता? विक्री ९२ लाख ५० हजार, बदलता खर्च ८५ लाख, सुटणारी रक्कम साडेसात लाख, स्थिर खर्च तेच साडेतीन लाख आणि नफा चार लाख. आता तुटीचे दोन तुकडे पडतात. साडेपाचावरून चारावर आलेले दीड लाख कमी गाळपामुळे गेले. त्याचे कारण आवकेत, पावसात, बाजारात शोधायचे. चारावरून २ लाख ६५ हजारांवर आलेले एक लाख ३५ हजार मात्र गाळपामुळे गेले नाहीत. ते मिलच्या कामकाजातले आणि भावातले आहेत.

त्यांचा माग असा लागतो. सरकी क्विंटलला ३,२२० रुपयांना पडली, तिथे पन्नास हजार गेले. ढेपेचे क्विंटलमागे २,६०० ऐवजी २,५८० आले, तिथे आणखी पन्नास हजार. वीज, बारदान आणि हमाली २०० ऐवजी २१० रुपये पडली, पंचवीस हजार. स्थिर खर्च दहा हजारांनी वाढला. बेरीज बरोबर एक लाख ३५ हजार. यातली दहा रुपयांची वाढ ही मिस्त्रीला विचारायची गोष्ट आहे. ओली सरकी घाण्यात गेली का, घाण्याचा दाब ढिला होता का, युनिट जास्त का जळले? ढेपेच्या भावाचा जाब मात्र त्याला विचारता येत नाही. तो भाव अकोल्याच्या बाजारावर आणि एनसीडीईएक्सच्या सरकी ढेपेच्या वायद्यांवर हलतो.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. स्थिर खर्च कायमचा स्थिर नसतो. ३,००० क्विंटलच्या पुढे जायचे तर रात्रपाळी लावावी लागेल आणि दुसरा मिस्त्री ठेवावा लागेल. तिथे साडेतीन लाखांची पायरी एकदम चढते. म्हणून लवचीक अंदाजपत्रकावर ते किती ते किती क्विंटलपर्यंत लागू आहे, हे लिहून ठेवायचे असते.

तीन महिन्यांची रोकड

आता दुसरे पान. ऑक्टोबरात मिल सुरू झाली तेव्हा १,००० क्विंटल गाळप झाले. नोव्हेंबरचा अंदाज २,००० क्विंटल, डिसेंबर आणि जानेवारीचा प्रत्येकी ३,०००. १ नोव्हेंबरला हातात आणि बँकेत मिळून वीस लाख आहेत.

ढेपेचा पैसा कसा येतो, हे मागच्या हंगामाच्या वहीवरून काढावे लागते. आपल्या मिलचा अनुभव असा की विक्रीच्या महिन्यातच २० टक्के येतात, पुढच्या महिन्यात ५० टक्के आणि त्याच्या पुढच्या महिन्यात उरलेले ३० टक्के. ऑक्टोबरची उधार विक्री २६ लाख, नोव्हेंबरची ५२ लाख, डिसेंबर आणि जानेवारीची प्रत्येकी ७८ लाख. नोव्हेंबरात हाती येतील नोव्हेंबरच्या ५२ लाखांचे २० टक्के, म्हणजे १०.४ लाख, आणि ऑक्टोबरच्या २६ लाखांचे ५० टक्के, म्हणजे १३ लाख. एकूण २३.४ लाख. पुढच्या महिन्यांत तिसरा हप्ताही मिळू लागतो. डिसेंबरात १५.६, २६ आणि ७.८ मिळून ४९.४ लाख, जानेवारीत १५.६, ३९ आणि १५.६ मिळून ७०.२ लाख.

बाहेर जाणारा पैसा सोपा आहे. सरकी रोखीची, इतर बदलता खर्च त्याच महिन्यात, स्थिर खर्चाचे तीन लाख. घसारा इथे येत नाही, कारण घसाऱ्यापोटी कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत. कर्जाचे मुद्दल असते तर ते मात्र इथे आले असते, जरी नफ्याच्या हिशेबात ते कुठेही दिसत नाही. कर आणि व्याज आपण तूर्त बाजूला ठेवले आहे.

| (लाख रुपये) | नोव्हेंबर | डिसेंबर | जानेवारी |
|---|---|---|---|
| सुरुवातीची शिल्लक | २०.० | –५.६ | –२८.२ |
| तेलाची रोख विक्री | २२.० | ३३.० | ३३.० |
| ढेपेची वसुली | २३.४ | ४९.४ | ७०.२ |
| सरकी खरेदी | ६४.० | ९६.० | ९६.० |
| इतर बदलता खर्च | ४.० | ६.० | ६.० |
| स्थिर रोख खर्च | ३.० | ३.० | ३.० |
| अखेरची शिल्लक | –५.६ | –२८.२ | –३०.० |

या तीन महिन्यांचा नफा किती? नोव्हेंबरचा अडीच लाख, पुढचे दोन साडेपाच-साडेपाच; एकूण साडेतेरा लाख. आणि रोकड? वीस लाखांवरून उणे तीस लाखांवर. पन्नास लाख गेले. या दोन उत्तरांत विसंगती नाही. साडेतेरा लाखांत घसाऱ्याचे दीड लाख परत मिळवले की पंधरा लाखांचा रोख नफा होतो. पण याच काळात दुकानदारांकडची येणी २०.८ लाखांवरून ८५.८ लाखांवर गेली, म्हणजे ६५ लाखांनी वाढली. पंधरातून पासष्ट वजा केले की उणे पन्नास. नफा झाला आहे, फक्त तो गावोगावच्या दुकानदारांच्या खात्यावर बसला आहे.

म्हणून हे अंदाजपत्रक ऑक्टोबरातच करायचे असते. बँकेकडे कॅश क्रेडिटची मर्यादा मागताना तीस लाखांचा खड्डा आणि वर दोन-चार लाखांची सोय एवढी रक्कम महिन्यांच्या नावांसह सांगता येते. डिसेंबर उजाडल्यावर मागणी केली, तर मंजुरी येईपर्यंत सरकीचा भाव चढलेला असतो.

तीन ठिकाणी फसगत

पहिली फसगत वाढीबद्दल होते. धंदा कमी झाला तर पैशाची ओढाताण वाढेल, असे सहज वाटते. उदाहरणातला हिशेब उलटे सांगतो. डिसेंबर आणि जानेवारीत ३,००० ऐवजी २,५०० क्विंटल गाळप धरले, तर तीन महिन्यांचा नफा साडेतेरावरून साडेदहा लाखांवर येतो. पण जानेवारीअखेरचा खड्डा तीस लाखांवरून १८.७ लाखांवर येतो. डिसेंबरअखेरही तो १९.३ लाखांपलीकडे जात नाही. प्रत्येक जादा क्विंटल ३,४०० रुपये आज मागतो; तेलाचे १,१०० लगेच येतात, पण २,६०० रुपयांच्या ढेपेचा फक्त पाचवा हिस्सा त्या महिन्यात परत मिळतो. उधारीच्या धंद्यात वाढीचा खर्च आधी भरावा लागतो. म्हणून लवचीक अंदाजपत्रकाच्या प्रत्येक पायरीशेजारी तिचा रोकड खड्डाही लिहायला हवा. नुसता नफा पाहून गाळप वाढवणारी मिल हंगामाच्या ऐन मध्यावर सरकीविना उभी राहू शकते.

दुसरी फसगत वसुलीच्या टक्केवारीत होते. समजा, नोव्हेंबरपासूनच्या विक्रीचा पैसा २०, ५०, ३० ऐवजी १०, ४०, ५० अशा चालीने येऊ लागला. एकही दुकानदार बुडाला नाही, एक पैसाही सुटला नाही. फक्त प्रत्येकाने थोडे थांबवले. नफ्याच्या अंदाजपत्रकात एका रुपयाचाही फरक पडत नाही. रोकडीच्या अंदाजपत्रकात मात्र जानेवारीअखेरचा खड्डा तीस लाखांवरून ५३.४ लाखांवर जातो. बँकेची मर्यादा ३५ लाख असेल तर मिल बंद पडते, आणि तीही नफ्यात असताना.

हे घसरणे आधी कळते, पण खातेवही नीट असेल तरच. ढेपेच्या व्यापारात खाते ‘चालू’ ठेवण्याची पद्धत आहे. दुकानदार शंभर पोती नेतो, साठ पोत्यांचे पैसे देतो, पुन्हा ऐंशी नेतो. पानाच्या तळाशी फक्त बाकी दिसते. ती बाकी वीस दिवसांची आहे की ऐंशी दिवसांची, हे त्या पानावरून सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे आलेली प्रत्येक रक्कम सर्वांत जुन्या बिलाला लावायची आणि महिनाअखेरीस प्रत्येक खात्याची बाकी तीन रकान्यांत मांडायची : तीस दिवसांच्या आतली, एकतीस ते साठ दिवसांची, साठ दिवसांवरची. ज्याची उचल वाढते आहे आणि तिसरा रकानाही भरतो आहे, तो दुकानदार मिलच्या पैशावर आपला धंदा वाढवतो आहे. अशा खात्याला नवा माल देण्यापूर्वी तिसरा रकाना रिकामा करून घ्यायचा असतो.

तिसरी फसगत साठ्याची. आपल्या तक्त्यात जेवढी सरकी गाळली तेवढीच त्या महिन्यात घेतली, असे धरले आहे. आवक जोरात असताना सरकी स्वस्त मिळते, म्हणून मिलवाले ती भरून ठेवतात. पंधरा दिवसांचा साठा म्हणजे दीड हजार क्विंटल, आणि त्याचे ४८ लाख रुपये. क्विंटलमागे पन्नास रुपये वाचवण्यासाठी, म्हणजे पाऊण लाखासाठी, ४८ लाख अडकवायचे की नाही, याचे उत्तर तक्त्यात साठ्याची ओळ घातल्याशिवाय मिळत नाही. ज्याच्याकडे रोकड आहे त्याला ते परवडते. ज्याची मर्यादा आधीच भरली आहे त्याला नाही.

महिन्याचा तक्ता आणखी एक गोष्ट झाकतो. महिनाअखेरची शिल्लक उणे २८ लाख असली, तरी विसाव्या दिवशी ती उणे ४० लाख असू शकते, कारण सरकीचे पैसे रोज जातात आणि दुकानदार शेवटच्या आठवड्यात देतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीसारख्या ताणाच्या महिन्यांचा तक्ता आठवड्यांत फोडावा लागतो.

खड्डा कमी करण्याचे मार्ग

पैसे लवकर यावेत म्हणून सूट देणे हा जुना मार्ग आहे. तिची किंमत मात्र मोजून पाहावी लागते. महिनाभर आधी पैसे देणाऱ्याला एक टक्का सूट दिली, तर ती वर्षाला सुमारे बारा टक्के व्याजाइतकी पडते. बँकेचा दर दहा-साडेदहा टक्के असेल आणि मर्यादा शिल्लक असेल, तर सूट महाग आहे. मर्यादा संपली असेल, तर प्रश्न व्याजाचा राहत नाही; घाणा चालू ठेवण्याचा होतो. तेव्हा क्विंटलमागच्या तीनशे रुपयांतून सव्वीस सोडणे शहाणपणाचे ठरते.

कायद्याचाही आधार आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लघुउद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात आणखी एक तरतूद आणली. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाची रक्कम या मुदतीत दिली नाही, तर ती प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. ढेप तयार करणारी मिल उत्पादक असल्याने उद्यम नोंदणी करून या तरतुदींचा आधार घेऊ शकते. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापली, तर मार्चअखेरीस मोठ्या व्यापाऱ्याचा चार्टर्ड अकाउंटंटच त्याला पैसे द्यायची आठवण करतो. विवरणपत्र न भरणाऱ्या छोट्या दुकानदारावर मात्र याचा फारसा परिणाम होत नाही. तिथे वहीतला तिसरा रकानाच कामाला येतो.

पैसा मागे राहण्याची ही अडचण ढेपेच्या मिलपुरती नाही. याच तालुक्यात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. कोणत्याही साखर कारखान्याला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी द्यायची असते, तर साखर वर्षभर थोडीथोडी विकली जाते. तिथे पैसा दुकानदाराकडे अडकत नाही, गोदामात अडकतो. म्हणून कारखाने साखर तारण ठेवून बँकेकडून उचल घेतात आणि त्यांचे रोकडीचे अंदाजपत्रक तीन महिन्यांऐवजी पूर्ण वर्षाचे असते.

ढेपेच्या मिलला एवढा मोठा पल्ला लागत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मागच्या महिन्याची खरी वसुली टक्क्यांत काढायची, ती अंदाजाशेजारी लिहायची आणि पुढच्या तीन महिन्यांचा तक्ता त्या नव्या टक्क्यांनी पुन्हा मांडायचा. त्यासाठी एक जुनी वही आणि अर्धा दिवस पुरतो. ज्यांनी यंदा पहिल्यांदाच उधारीवर माल द्यायचे ठरवले आहे, त्यांनी पहिले पोते बाहेर पडण्यापूर्वी हा तक्ता एकदा मांडून पाहावा आणि त्यातला सर्वांत खोल आकडा बँकेत जाताना सोबत न्यावा.